हाताच्या मापाचा माउस

माउसच्या खोक्यावर लांबी, रुंदी आणि उंची असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. बहुतेक ग्राहक ते वाचत नाहीत. चप्पल घेताना आधी पायाचा नंबर सांगावा लागतो. माउसला असा नंबर नसतो, म्हणून किंमत, रंग आणि वायर आहे की नाही एवढे पाहून तो घेतला जातो. दुकानात सर्रास मिळणारे साधे वायरलेस माउस १०० मिमीच्या आसपास लांब असतात, तर भरगच्च आकाराचे ऑफिसचे आणि गेमिंगचे माउस १२५ मिमीच्या आसपास. हा अडीच सेंटिमीटरचा फरक टेबलावर किरकोळ दिसतो. हाताखाली मात्र बोटे सरळ राहणार की वाकणार, तळहात टेकणार की अधांतरी राहणार, हालचाल कोपरातून होणार की बोटांतून, हे सगळे या फरकावर ठरते.

माउस धरण्याच्या पद्धतीला पकड म्हणतात. तिचे तीन मुख्य प्रकार मानले जातात आणि त्यांची इंग्रजी नावेच रूढ आहेत: पाम, क्लॉ आणि फिंगरटिप. यांतली एक पकड चांगली आणि बाकीच्या चुकीच्या असे काही नाही. शिवाय पकड ही बहुतेकांनी विचार करून निवडलेली नसते. हाताचे माप आणि माउसचे माप यांचा मेळ जसा बसेल, तशी ती आपोआप तयार होते. मोठा हात लहान माउसवर आला की बोटे आकसतात आणि लहान हात मोठ्या माउसवर आला की तो पसरतो. त्यामुळे माउस निवडताना आपली पकड, हाताचे माप आणि माउसचे माप या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

तीन पकडी

पाम पकडीत संपूर्ण तळहात माउसच्या पाठीवर विसावतो. तर्जनी आणि मधले बोट बटणांवर जवळजवळ आडवी पडतात आणि बटण बोटाच्या टोकाऐवजी पहिल्या पेराच्या गादीने दाबले जाते. अंगठा डाव्या कडेला आणि अनामिका व करंगळी उजव्या कडेला लागलेली असते. हाताचे वजन माउसवर येते, म्हणून स्नायूंना ताण कमी पडतो आणि तासन्‌तास काम करणाऱ्याला ही पकड सोयीची वाटते. तळहात आणि माउस एकजीव झाल्यामुळे माउस बोटांनी पुढेमागे सरकवता येत नाही. हालचाल मनगटातून आणि कोपरापासूनच्या हातातून होते. मोठ्या हालचाली स्थिर होतात, पण अगदी बारीक हालचालींना ही पकड थोडी जड पडते.

क्लॉ म्हणजे पंजा. या पकडीत तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग माउसच्या मागच्या टोकाला टेकतो, पण तळहाताचा मधला भाग उचललेला राहतो. बोटे सांध्यांत वाकून कमान करतात आणि बटणावर टोकाने, जवळजवळ वरून खाली पडतात. मागे तळहात, पुढे बोटांची टोके आणि बाजूला अंगठा व अनामिका अशा टेकूंमध्ये माउस धरलेला असतो. वाकलेले बोट थोड्याच हालचालीत क्लिक करते, त्यामुळे क्लिक झटपट होतो. त्याची किंमत अशी, की बोटे सतत वाकलेली ठेवायला स्नायूंना काम करत राहावे लागते.

फिंगरटिप पकडीत माउसला फक्त बोटांची टोके लागतात आणि तळहात माउसला शिवतही नाही. मनगट किंवा तळहाताची कड टेबलावर टेकलेली असते आणि पाच बोटांच्या टोकांत माउस धरून तो पुढेमागे ढकलला जातो. तळहात आणि माउसचे मागचे टोक यांत मोकळी जागा राहते, आणि माउस मागे ओढायला ती लागतेच. बारीक हालचालीत ही पकड सर्वांत चपळ असते. पण माउस जड असेल तर सगळे ओझे बोटांवर येते, आणि लांब असेल तर त्याचे शेपूट तळहातावर आपटते.

प्रत्यक्षात बरेच हात दोन प्रकारांच्या मध्ये कुठेतरी असतात. मागचा तळहात टेकलेला आणि बोटे अर्धवट वाकलेली, ही पाम आणि क्लॉ यांच्यामधली पकड फार दिसते. शिवाय एकच व्यक्ती वेब पान वाचताना पाम पकडीत असते आणि फोटोतली बारीक कड निवडताना नकळत बोटे उभी करते.

आपली पकड कशी ओळखावी

आपण माउस कसा धरतो हे विचारून बहुधा नीट कळत नाही, कारण प्रश्न विचारताच हात सावध होतो आणि नेहमीची पकड बदलते. त्यापेक्षा वर्षभर वापरलेला माउस खिडकीजवळ तिरक्या उजेडात धरून पाहावा. खरखरीत प्लॅस्टिक जिथे कातडीला रोज घासले जाते तिथे ते गुळगुळीत होऊन चकाकू लागते. पाठीच्या उंचवट्यावर तळव्याएवढा सलग चकचकीत डाग असेल तर पकड पाम आहे. चकाकी पाठीच्या फक्त मागच्या कडेला आणि बटणांच्या टोकाकडे असेल तर ती क्लॉ. पाठ नव्यासारखी मॅट आणि फक्त बटणे व दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर ती फिंगरटिप.

माउस नवा असेल किंवा त्याचे प्लॅस्टिक मुळातच चकचकीत असेल, तर तळहाताला चिमूटभर टाल्कम पावडर चोळून, जास्तीची झटकून पाच मिनिटे नेहमीचे काम करावे. गडद रंगाच्या माउसवर पांढरे ठसे उमटतात. पावडर चाकाच्या फटीत आणि खालच्या सेन्सरच्या भोकात जाऊ देऊ नये आणि नंतर माउस कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.

हाताची दोन मापे

मराठीत हाताच्या मापासाठी वीत हा शब्द आहे, पण माउससाठी तो कामाचा नाही. वीत म्हणजे ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर. पंजा किती पसरतो हे त्यावरून कळते, लांब किती आहे हे नाही. इथे दोन वेगळी मापे लागतात. पहिले माप लांबीचे. ज्या हाताने माउस धरला जातो तो उताणा, बोटे जुळवून आणि सरळ ठेवून टेबलावर ठेवावा. मनगटावर तळहाताला सर्वांत जवळची जी आडवी घडी असते तिथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजावे. नख वाढलेले असेल तर ते मोजू नये. दुसरे माप रुंदीचे. चार बोटे जिथे तळहाताला जुळतात तिथे, अंगठा सोडून, तर्जनीच्या कडेपासून करंगळीच्या कडेपर्यंत हे माप घ्यावे.

ढोबळ विभागणी अशी करतात: १७ सेंमीपेक्षा कमी लांबीचा हात लहान, १७ ते १९ सेंमी मध्यम आणि त्यापुढचा मोठा. या रेषा कुणी कायद्याने आखलेल्या नाहीत. कंपन्यांच्या तक्त्यांत त्या सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतात. म्हणूनच ‘मध्यम’ असा शिक्का पाहण्यापेक्षा स्वतःचा आकडा लक्षात ठेवणे बरे.

साठ टक्क्यांचा हिशेब

गेम खेळणाऱ्यांमध्ये एक साधा ठोकताळा प्रचलित आहे. हाताच्या लांबीच्या ६० टक्के लांबीचा आणि हाताच्या रुंदीच्या ६० टक्के रुंदीचा माउस हाताला बसतो, असे तो सांगतो. हा शास्त्रीय नियम नाही, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. पकडीनुसार त्यात थोडा फेरफार करावा लागतो. ६० टक्क्यांच्या आसपास क्लॉ पकड नीट बसते. पाम पकडीत तळहाताखाली माउस भरून यायला हवा, म्हणून हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. फिंगरटिपसाठी मागे मोकळी जागा हवी, म्हणून ते ५५ टक्क्यांकडे उतरते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या हिशेबनिसाच्या कार्यालयात एकच संगणक सकाळी एक बाई आणि दुपारनंतर एक गृहस्थ वापरतात. बाईंचा हात १६.८ सेंमी लांब आणि ७.४ सेंमी रुंद आहे. गृहस्थांचा हात २०.४ सेंमी लांब आणि ९.२ सेंमी रुंद आहे. टेबलावर लॉजिटेकचा एम १८५ हा भारतात फार खपणारा साधा वायरलेस माउस आहे. त्याची लांबी ९९ मिमी, रुंदी ६० मिमी आणि उंची ३९ मिमी.

बाईंच्या हातासाठी ९९ ला १६८ ने भागले तर ५९ टक्के येतात. म्हणजे त्यांच्या हाताखाली हा माउस व्यवस्थित क्लॉ पकडीचा आहे. पाम पकड हवी असेल तर त्यांना ११० मिमीच्या आसपासचा माउस लागेल. गृहस्थांच्या बाबतीत ९९ ला २०४ ने भागले तर ४९ टक्क्यांपेक्षाही किंचित कमी येतात, म्हणजे फिंगरटिपसाठीसुद्धा हा माउस तोकडा आहे. त्यांनी तळहात टेकवला तर तर्जनी बटणाच्या पुढे जाऊन टेबलावर लोंबते. बोटे बटणांवर आणायची तर तळहात मागे टेबलावर पडतो आणि बोटे मुडपावी लागतात. तीन तास नोंदी केल्यावर त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागला, तर त्याचे एक कारण इथे सापडते. अरुंद आणि आखूड वस्तू चिमटीत धरल्यासारखी त्यांनी ती सतत दाबून धरलेली असते.

आता टेबलावर रेझरचा डेथॲडर व्ही २ ठेवला असे समजू. हा माउस १२७ मिमी लांब आणि सुमारे ४३ मिमी उंच आहे. गृहस्थांच्या हाताला तो ६२ टक्के पडतो, म्हणजे पाम आणि क्लॉ यांच्या मध्ये, आणि तळहात पाठीवर आरामात बसतो. बाईंच्या हाताला तोच माउस ७५ टक्क्यांहून जास्त पडतो. तळहात पाठीवर ठेवला तर त्यांच्या बोटांची टोके चाकाच्या मागेच संपतात. चाक फिरवायचे तर पंजा पुढे सरकवावा लागतो आणि क्लिक करायचा तर पुन्हा मागे. दिवसातून शेकडो वेळा ही ये-जा होते.

पट्टीवर न दिसणारी मापे

लांबीचा हिशेब सरळ आहे. रुंदीत मात्र फसगत होते. खोक्यावर छापलेली रुंदी बहुधा माउसच्या सर्वांत रुंद भागाची असते, आणि तो भाग पुढे बटणांपाशी, तळाशी किंवा मागे फुगलेल्या पाठीपाशी असू शकतो. अंगठा आणि अनामिका जिथे लागतात ती कंबर त्याहून अरुंद असते. रेझरचा वायपर मिनी हा लहान माउस यासाठी पाहण्यासारखा आहे. त्याची कमाल रुंदी आणि पकडीच्या जागेची रुंदी यांत काही मिलिमीटरचा फरक आहे. पकडीला लागते ती रुंदी कंबरेची, म्हणून शक्य असेल तिथे तीच मोजावी.

साठ टक्क्यांचा ठोकताळा मोडतो तोही इथेच. बाईंच्या ७.४ सेंमी रुंद हाताचे ६० टक्के म्हणजे साधारण ४.४ सेंमी. इतक्या अरुंद कंबरेचा माउस बाजारात सहज मिळत नाही. लहान म्हणून विकल्या जाणाऱ्या माउसची कंबरही साधारणपणे ५ सेंमीच्या पुढेच असते. म्हणून लहान हातवाल्यांनी रुंदीचा आकडा जुळवत बसण्यापेक्षा, लांबी जुळणाऱ्या माउसमधून सर्वांत अरुंद निवडावा. मोठ्या हाताची अडचण उलट असते. ९.२ सेंमीचे ६० टक्के म्हणजे साडेपाच सेंमी, आणि तेवढ्या कंबरेचे माउस पुष्कळ आहेत. कंबर याहून फार अरुंद असेल तर अनामिका आणि करंगळी यांना जागा उरत नाही. करंगळी टेबलावर उतरते आणि दिवसभर घासत राहते.

तिसरे माप उंचीचे, आणि लहान हाताला तेच जास्त छळते. माउसची लांबी सरळ रेषेत मोजली जाते, पण हात त्याच्या पाठीवरून कमानीने जातो. पाठ जितकी उंच, तितकी ही कमान लांब. हे पाहायला एक दोरा पुरतो. दोऱ्याचे एक टोक माउसच्या मागच्या कडेला धरावे, दोरा पाठीवरून पुढे बटणाच्या टोकापर्यंत न्यावा आणि मग तो पट्टीवर मोजावा. सारख्याच लांबीच्या दोन माउसपैकी बसक्या माउसचा दोरा आखूड भरतो आणि उंच पाठीच्या माउसचा लांब. उंच माउस लहान हाताला लांबीच्या आकड्यापेक्षाही मोठा का वाटतो, ते यावरून कळते.

उंचवटा कुठे आहे हेही महत्त्वाचे. उंचवटा मागच्या बाजूला असेल तर तो तळहाताच्या बुडाला आधार देतो आणि वाकलेल्या बोटांना पुढे जागा सोडतो. क्लॉ पकडीला हे मानवते. उंचवटा मधोमध आणि उतार लांब असेल तर पूर्ण तळहात त्यावर पसरतो, म्हणजे तो पामला जुळतो. फिंगरटिपवाल्याला पाठीचा आधारच नको असतो. त्याला माउस एकूणच बसका असेल तेवढे चांगले.

आकार आवडला पण माप बसत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. काही कंपन्या एकच आकार दोन-तीन मापांत काढतात तो याच कारणाने. झोवी कंपनीची ईसी मालिका उजव्या हाताच्या एकाच ठेवणीत ईसी १, ईसी २ आणि ईसी ३ अशा उतरत्या मापांत मिळते. लॉजिटेकचा ऑफिससाठीचा सिग्नेचर एम ६५० मध्यम आणि मोठा अशा दोन मापांत येतो. अशा जोड्यांमधून निवडणे सोपे जाते, कारण ठेवण तीच राहते आणि ठरवायचे ते फक्त माप.

वजन आणि बाणाचा वेग

पकड जितकी तळहातावरून बोटांकडे सरकते, तितके वजनाचे महत्त्व वाढते. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३ या मोठ्या ऑफिस माउसचे वजन १४१ ग्रॅम आहे. पाम पकडीत ते जाणवतही नाही, कारण माउस टेबलावर असतो आणि हात त्याच्यावर. तोच माउस फिंगरटिप पकडीत धरून उचलत-ठेवत राहिले तर बोटे लवकर दमतात. म्हणून फिंगरटिप आणि क्लॉ पकडीचे लोक ६० ते ८० ग्रॅमचे माउस शोधतात. सेलवर चालणाऱ्या माउसमध्ये वजनाचा मोठा हिस्सा सेलचा असतो. साध्या अल्कलाइन डबल-ए सेलचे वजन सुमारे २३ ग्रॅम असते, तर त्याच मापाच्या लिथियम सेलचे १५ ग्रॅमच्या आसपास. सेल माउसच्या मागच्या भागात असेल तर उचलताना शेपूट खाली झुकते. हलका सेल घातला की हे झुकणेही कमी होते.

स्क्रीनवरच्या बाणाचा वेगही पकडीशी जोडलेला आहे. माउस एक इंच सरकला की तो किती ठिपके मोजतो, हा आकडा डीपीआय या नावाने दिला जातो. स्क्रीन १९२० ठिपके रुंद असेल आणि माउस ८०० डीपीआयवर असेल, तर बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेला न्यायला माउस २.४ इंच, म्हणजे ६.१ सेंमी सरकवावा लागतो. बाणाचा वेग आपोआप वाढवणारी सोय बंद असेल तेव्हाचा हा हिशेब आहे. कोपरापासून हात हलवणाऱ्या पाम पकडीला सहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. फिंगरटिप पकडीत बोटांच्या कह्यातले अंतर मात्र दोन-तीन सेंटिमीटरच असते. डीपीआय १६०० केला की हेच अंतर ३ सेंमीवर येते आणि बोटांच्या आवाक्यात बसते. माउस मापाचा असूनही हात सारखा उचलावा लागत असेल, तर दोष आकाराचा नसून या आकड्याचा असू शकतो. नवा माउस घेण्याआधी हे तपासणे फुकट असते.

माप चुकल्याची लक्षणे

दुकानात अर्धा मिनिट हातात धरून माउस कळत नाही, पण चार गोष्टी तिथेही पाहता येतात. हात नेहमीसारखा ठेवल्यावर तर्जनी पंजा न हलवता चाकापर्यंत पोहोचून पलीकडे उतरली पाहिजे. अंगठा पकड न सोडता बाजूच्या दोन्ही बटणांना पोहोचला पाहिजे. पुढचे बटण दाबायला पंजा पुढे न्यावा लागला तर माउस मोठा आहे. माउस दोन सेंटिमीटर उचलून पुन्हा ठेवताना बोटांना आवळावे लागू नये. मोठ्या आणि निसरड्या कडांचा माउस इथे नापास होतो. करंगळीला माउसच्या कडेवर किंवा निदान तिच्यालगत जागा मिळाली पाहिजे. ती माउसखाली दुमडली किंवा टेबलावर फरफटली तर माउस अरुंद आहे.

माउस ऑनलाइन मागवायचा असेल तर त्याच्या मापांचा पुठ्ठा कापून पाहावा. लांबी आणि कंबरेची रुंदी पुठ्ठ्यावर आखून तो तुकडा कापायचा, छापलेली उंची येईल इतका जाड वहीचा किंवा पुस्तकाचा थर त्याच्याखाली ठेवायचा आणि त्यावर हात ठेवायचा. पाठीचा गोलावा यातून कळत नाही, पण बोटे कुठे संपतात आणि तळहात कुठे टेकतो हे लगेच दिसते.

घरी वापरताना चूक वेगळ्या रीतीने कळते. मोठा माउस वापरणाऱ्या लहान हाताला बोटे ताणली गेल्याचा शीण पंज्याच्या पाठीवर आणि मनगटाच्या वरच्या बाजूला जाणवतो. लहान माउस वापरणाऱ्या मोठ्या हाताचा अंगठा दुखतो आणि मनगट टेबलाच्या कडेला दाबले जाते. मनगट वर मुडपलेल्या स्थितीत राहिले की त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूभोवतीचा दाब वाढतो, म्हणून मनगट शक्यतो सरळ राहील असाच माउस आणि अशीच टेबलाची उंची असावी. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर ती माउसच्या मापाची तक्रार समजून बसू नये. अशा वेळी डॉक्टरांना हात दाखवावा. माउस बदलल्याने अशा त्रासात आराम पडू शकतो, पण तो उपचार नव्हे.

कीबोर्डची जागाही कधी माउसच्या नावावर खपते. उजवीकडे आकड्यांची पट्टी असलेल्या कीबोर्डमुळे माउस दूर जातो, हात बाहेर फाकतो आणि खांदा भरून येतो. बरोबर मापाचा माउस या दुखण्यावर काही करू शकत नाही. माउस जवळ आणणे किंवा आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड वापरणे हाच त्यावर मार्ग.

उभा माउस आणि डावा हात

उभ्या माउसवर हात हस्तांदोलनासाठी पुढे केल्यासारखा आडव्या कडेवर राहतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट या दोन्ही माउसवर हाताचा कोन ५७ अंशांचा आहे. यात पाम, क्लॉ आणि फिंगरटिप हा भेद जवळजवळ नाहीसा होतो, कारण हात एकाच प्रकारे बसतो. म्हणूनच माप चुकले तर पकड बदलून सावरायची सोय इथे नसते. लिफ्ट लहान आणि मध्यम हातांसाठी आहे, एमएक्स व्हर्टिकल मोठ्या हातांसाठी.

डावखुऱ्यांसाठी निवड आणखी आखडते. एका बाजूला अंगठ्यासाठी खोलगट केलेला माउस दुसऱ्या हातात बसतच नाही. दोन्हीकडे सारखी ठेवण असलेला माउस डाव्या हातात बसतो, पण बाजूची बटणे बहुधा डाव्या कडेलाच असल्यामुळे ती अंगठ्याऐवजी अनामिकेखाली येतात. एम ६५० चा मोठा माउस आणि लिफ्ट यांच्या खास डाव्या आवृत्त्या मिळतात. डाव्या हाताने घेतलेले माप अशा वेळी डाव्याच माउसशी ताडावे.

एक टेबल, दोन हात

हिशेबनिसाच्या कार्यालयातल्या दोघांसाठी मधल्या मापाचा, म्हणजे साधारण ११३ मिमीचा एकच माउस घ्यावा असे सहज सुचते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ११३ मिमी म्हणजे बाईंच्या हाताचे ६७ टक्के आणि गृहस्थांच्या हाताचे ५५ टक्के. बाईंना तो पाम पकडीत चालेल, पण क्लॉ पकडीची सवय असेल तर मोठा वाटेल. गृहस्थांना दिवसभर फिंगरटिप पकडीत राहावे लागेल, म्हणजे त्यांच्या बोटांना विसावा मिळणार नाही.

यावर सोपा आणि स्वस्त तोडगा आहे. एका संगणकाला दोन माउस एकाच वेळी जोडलेले राहू शकतात आणि दोन्ही एकच बाण हलवतात. टेबलावर ९९ मिमीचा आणि १२५ मिमीच्या आसपासचा असे दोन माउस ठेवायचे. ज्याची पाळी असेल त्याने आपला पुढे ओढायचा आणि दुसरा स्क्रीनच्या मागे सरकवायचा.